सगळीकडे एकच फोटो

चंद्रहासच्या चपलांच्या दुकानाला तीस वर्षं झाली आणि गाळ्याचा करार संपायला एक महिना उरला. मालक सेबॅस्टियनने साफ सांगितलं होतं, "चंदूभाय, या महिन्यात धंदा वाढला तर वाढीव भाड्यावर सही करू. नायतर मोबाईलवाला तयार आहे."

म्हणून चंद्रहासने महिन्याच्या जाहिरातीसाठी बारा हजार काढले. पुतणी अश्लेषा म्हणाली, "काका, आपलं गिऱ्हाईक आगाशीच्या आसपासचंच. निम्मे बोर्डावर घाला, उरलेले इन्स्टावर. पेपर सोडा."

"बोर्ड, इन्स्टा, पेपर, मेसेज, चारही ठिकाणी सारखे. तीन-तीन हजार. कोणाला कमी नको."

"प्रसाद वाटतोय का आपण?"

पण काकांनी वाटला. तीन हजारांत रंगीत पत्रकं छापून पेपरात टाकायला भागेना, म्हणून काळी-पांढरी. वेगळं डिझाईन परवडेना, म्हणून तेच फ्लेक्सवर, इन्स्टावर आणि मेसेजमध्ये. चंद्रहासचा हात जोडलेला फोटो, भोवती झेंडूची माळ, खाली '१९९५–२०२५', आणि त्याच्याही खाली 'आपलं प्रेम सदैव स्मरणात राहील.' सेलची ओळ सगळ्यात तळाशी, मुंगीएवढी.

पत्रक सकाळी घरोघरी गेलं. दुकानासमोर रस्ता अचानक हळू आवाजात बोलायला लागला. रिक्षावाला फ्लेक्सपाशी थांबला, टोपी काढली आणि निघून गेला. केळीवाल्या रोवेनाबाई दारात आल्या, गल्ल्यावर बसलेल्या चंद्रहासला बघितलं, क्रूसाची खूण केली आणि पळाल्या.

"हिला काय झालं?" चंद्रहासने गल्ल्यावरून मान बाहेर काढली.

अश्लेषाने मोबाईल पुढे केला. जाहिरातीखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. 'भावपूर्ण श्रद्धांजली.' 'चांगला माणूस, पण सेल कधी लावला नाही.'

"मी जिवंत आहे, असं सगळ्यांना पाठव!"

"व्हॉट्सअ‍ॅपचा फुकटचा ब्रॉडकास्ट फक्त आपला नंबर सेव्ह केलेल्यांना जातो. तसे एकोणीस आहेत. त्यातला एक तुम्ही."

"मग नवी जाहिरात टाक!"

"पैसे? सगळीकडे सारखे संपले."

संध्याकाळी माणसं यायला लागली. पांढऱ्या कपड्यांत, मान खाली. बायको लतिका ओरडून सांगत होती, "अहो, हे काय बसलेत!" एक म्हातारी तिला पोटाशी धरून म्हणाली, "असंच वाटतं गं सुरुवातीला."

तीस वर्षांत दुकानाबाहेर एवढ्या चपला कधीच दिसल्या नव्हत्या. सगळ्या जुन्या. आत विकत घ्यायला कोणी बघेना. दुःखाच्या घरात खरेदी कोण करतो?

शेवटी सेबॅस्टियन आला, फुलं घेऊन. चंद्रहास आडवा गेला. "सेबॅस्टियनभाय, बघा ना, मी आहे! करार..."

सेबॅस्टियन दचकला, त्याच्या खांद्याला बोट लावून बघितलं, आणि फुलं हळूच गल्ल्यावर ठेवली.

"आता काय बोलू, चंदूभाय? सकाळी पेपरात बघितलं, आणि दुपारी मोबाईलवाल्याकडून डिपॉझिट घेतलं."

त्याच्या मागे एक माणूस दारात उकिडवा बसून, चपलांची रास बाजूला सारत, टेप लावून गाळ्याची रुंदी मोजत होता.