डब्या लपवणारी माणसं

धाकटीच्या प्रबंधावर विद्यापीठातून शेरा आला, तेव्हा ताईला आधी बरं वाटलं. मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

दोघी बहिणी एकाच सरांकडे पीएच.डी. करत होत्या. ताई आधी आली, पण प्रबंध आधी झाला धाकटीचा. त्यातला एक मुद्दा तर ताईच्या मनात काट्यासारखा सलत होता: म्हातारी माणसं गोळ्या विसरत नाहीत, पाहुण्यांसमोर आजारी दिसायला नको म्हणून गोळ्यांची डबी लपवतात, आणि डबीबरोबर गोळ्याही राहून जातात.

शेरा नेमका त्याच परिच्छेदावर होता: 'मूळ स्रोत दिसत नाही. विचार कोणाचा?'

सर म्हणाले, "ताई, तूच तपास. तुझी नजर बारीक आहे."

"हिला एवढं सुचलंच कसं?" हे ताईच्या ओठांवर आलं होतं. तिने ते गिळलं आणि शेरा आलेल्या प्रकरणाची प्रत काढली.

मजकुरात कंसात आलेलं प्रत्येक नाव आणि साल ती शेवटच्या संदर्भसूचीत शोधू लागली. मग उलट, सूचीतली नोंद मजकुरात. एका ठिकाणी साल चुकलं होतं. एक नोंद मजकुरात कुठेच नव्हती. आणि शेरा आलेल्या परिच्छेदाचं पहिलं वाक्य विस्मरणाबद्दल होतं, त्यात एका डॉक्टरांचं नाव होतं, पण सूचीत ते नव्हतंच. पुढे धाकटीने स्वतःचा विचार तसाच जोडून लिहिला होता. उसनं कुठे संपलं आणि आपलं कुठे सुरू झालं, वाचणाऱ्याला कळणार कसं? सगळंच उचललेलं वाटत होतं.

'डबीचा मुद्दाही त्या डॉक्टरांचाच असणार,' ताईच्या मनाने उचल खाल्ली. ग्रंथालयात तिने त्या डॉक्टरांचा लेख शोधून काढला आणि अधाशासारखा वाचला. पुन्हा वाचला. सगळीकडे विस्मरणच. डबी नाही, पाहुणे नाहीत.

धाकटी दारात उभी होती. डोळे सुजलेले. "ताई, सापडलं का गं काही?"

"त्या लेखात तसं काही आहे" एवढं खोटं ताई पुटपुटली असती, तरी धाकटी हादरली असती.

"तुझंच आहे," ताई तुटकपणे म्हणाली. "फक्त डॉक्टरांची नोंद सूचीत घाल. त्यांचा संदर्भ त्यांच्या वाक्यालाच लाव, आणि तुझं नव्या परिच्छेदात घे. 'माझ्या मुलाखतींवरून मला असं दिसतं' असं लिही. आणि एका ठिकाणी साल चुकलंय, ते नीट कर. मूळ लेखावरून बघ, अंदाजाने नको."

धाकटीने तिला मिठीच मारली. ताई काठीसारखी ताठ उभी राहिली.

विद्यापीठाच्या समितीने दुरुस्त प्रत वाचून शेरा मागे घेतला. सर सगळ्यांसमोर म्हणाले, "इतक्या वर्षांत हे कुणालाच सुचलं नव्हतं!" धाकटी म्हणाली, "ताई नसती तर हा विचार माझा राहिलाच नसता."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईनेही वाजवल्या, हात दुखेपर्यंत. तो विचार धाकटीचाच आहे, हे आता ताईइतकं खात्रीने कुणालाच माहीत नव्हतं. आणि तेच सगळ्यात झोंबत होतं.