एक्केचाळीस नंबरचा अंगठा

सोलापूरच्या एमआयडीसीतल्या त्या टॉवेल कारखान्यात ऋतुजा हजेरी क्लार्क म्हणून लागली, तेव्हा करकंबला तिच्या आईनं शेजारपाजारी पेढे वाटले होते. पोरगी एसीत बसते, कॉम्प्युटरवर काम करते, एवढंच आईला ठाऊक. एसी मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये होता आणि पोरगी अजून कायम व्हायची होती, हे पेढ्यांबरोबर कोण सांगत बसतंय! कायम करण्याचं पत्र पुढच्या आठवड्यात निघणार होतं. आणि आज, शुक्रवारी, तिचं कामात लक्ष नव्हतं.

कारण काशम्मा. शिलाई खात्यात टॉवेलच्या कडा शिवणारी, पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. गेल्या मंगळवारी तिच्या लेकीचं बाळंतपण होतं. सुपरवायझरला तोंडी सांगून ती दिवसभर दवाखान्यात होती. आणि मशीनच्या रिपोर्टात मंगळवारी ती हजर! सकाळी आत, संध्याकाळी बाहेर, अगदी शिस्तीत.

मॅनेजर उदयसिंह साहेबांनी काल तो रिपोर्ट ऋतुजाला शिलाई खात्यात सगळ्यांसमोर वाचायला लावला. तिनं वाचला. साहेब म्हणाले, "तुमच्या नंबरावर दुसऱ्या कुणाचा तरी अंगठा चढवलेला आहे, काशम्मा. आधीच्या क्लार्कला हाताशी धरून. तुम्ही घरी, आणि हजेरी इथं."

काशम्मा फक्त म्हणाली, "मला काय की त्यातलं कळत नाही साहेब. मी चोरी केली नाही."

"मशीन खोटं बोलत नसतं," साहेबांनी ऐकवलं. आज चारला निकाल होता. काशम्माला घरी पाठवायचं जवळजवळ ठरलंच होतं.

ऋतुजाला रात्री झोप लागली नव्हती. बाई चोर वाटत नाही, आणि आकडे तर आपणच काढलेले. जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे उघडून बसले तेव्हा ती कॉम्प्युटरसमोर बसली.

कारखान्याला दोन दारं, दोन्हीकडं एकेक अंगठ्याचं मशीन. दोन्ही मशीन केबलनं ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडलेली, प्रत्येकाचा नेटवर्कवरचा पत्ता वेगळा. सॉफ्टवेअर दोन्हींकडचे पंच, म्हणजे अंगठ्याच्या नोंदी, ओढून घ्यायचं आणि एकत्र करायचं. रोजचा रिपोर्ट मात्र आटोपशीर: प्रत्येकाचा दिवसातला पहिला पंच आणि शेवटचा. मधलं काही दिसायचं नाही, कुठल्या दारानं आला तेही नाही. एवढा रिपोर्ट एक्सेलमध्ये काढला की काम झालं, असंच आधीच्या क्लार्कनं तिला शिकवलं होतं. आपणही दुसरं काही कधी विचारलं नाही.

आज तिनं रिपोर्टाऐवजी कच्चे पंच एक्सपोर्ट केले. एक्सेलची लांबलचक यादी उघडली. कर्मचारी नंबर, तारीख, वेळ आणि मशीन. तिनं काशम्माचा एक्केचाळीस नंबर वेगळा काढला. मंगळवारचे दोन पंच. दोन्ही मशीन दोनचे, म्हणजे मागच्या गेटचे.

काशम्मा मागच्या गेटनं कशाला येईल? तिकडं ट्रक लागतात, टॉवेलच्या गाठी चढतात. ऋतुजानं बाकीचे दिवस पाहिले. रोज एक्केचाळीस पुढूनही येत होता आणि मागूनही. काल तर एकाच मिनिटाला दोन्ही दारांतून. एक बाई दोन दारांनी एकदम आत शिरते म्हणजे भुताटकीच की! ती हसणार होती, पण थांबली.

कारण तिला आठवलं.

तिच्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. मागच्या गेटला ठेकेदाराचा नवा हमाल आलेला, वळसंगचा प्रभु. ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि नेमकी केबल सुटल्यामुळं मशीन कॉम्प्युटरला दिसेना. तेव्हा ऋतुजा स्वतः मागच्या गेटला गेली, मशीनच्या मेनूत शिरली आणि नवीन माणूस निवडला. नंबराच्या चौकटीत मशीननं आपणहून एक्केचाळीस दाखवलं. त्या मशीनमध्ये दोन्ही गेटांनी ये-जा करणारी पहिली चाळीसच माणसं होती, त्यानं बिचाऱ्यानं पुढचा रिकामा नंबर सुचवला. पुढच्या गेटवर तोच नंबर काशम्माचा आहे, हे त्याला कुठून कळणार? मशीनला नंबर आणि वेळ कळते, नावं कॉम्प्युटरात असतात. ऋतुजानं ओके दाबलं, प्रभुचा अंगठा तीनदा घेतला, आणि नाव नंतर टाकू म्हणून ऑफिसात परतली. ते 'नंतर' कधी आलंच नाही. प्रभुची मजुरी ठेकेदाराच्या मुकादमाकडून, त्यामुळं रिपोर्टात तो नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि त्याचे सगळे पंच मुकाट्यानं काशम्माच्या नावावर चढत राहिले.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोरच नव्हता, होता तो फक्त आपला आळस.

फाईल बंद केली तर कुणाला कळणार होतं? हा विचार आला, खोटं कशाला बोला. आईचे पेढे आठवले, ते न आलेलं पत्र आठवलं. तिला स्वतःचीच किळस आली. तिनं कागद छापला आणि सरळ मागचं गेट गाठलं.

"प्रभु, जरा अंगठा लाव बरं."

"आत्ता? सकाळी लावलाय की मॅडम."

"लाव रे."

प्रभुनं पॅन्टला पुसून अंगठा ठेवला. मशीनवर आकडे उमटले: एक्केचाळीस. मग ती काशम्माला बोलावून घेऊन आली. तिचा अंगठा ठेवला. मशीननं तीनदा नकार दिला. काशम्मा घाबरून तिच्याकडं बघायला लागली. "अजून काय झालं, मॅडम?"

"काही नाही, अक्का. चला माझ्याबरोबर."

केबिनमध्ये ऋतुजानं सगळं सांगितलं. ती मध्ये थांबली नाही. साहेबांनी कागद दोनदा वाचला आणि चष्मा काढला.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "काशम्मा, तुम्ही कामावर जा. मशीनमध्ये बिघाड होता म्हणून सांगू. ऋतुजा, प्रभुला नवा नंबर दे, आणि हा विषय इथंच संपला. तुझंही नाव कुठं यायला नको."

ऋतुजाच्या छातीवरचं ओझं उतरलं. वाचले! तिला रडायला येत होतं. पण काशम्मा हलली नाही.

"साहेब, मशीन खात्यात येऊन बोललं नव्हतं," ती म्हणाली. "माझ्या सुनेसमोर, सगळ्या बायकांसमोर ह्या मॅडमनी वाचलं. काल घरी माझ्या हातचं पाणी घेताना सून बघत नव्हती माझ्याकडं. बिघाड म्हटलात तर बायका म्हणतील, साहेबांच्या पाया पडून सुटली."

साहेब कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "मग काय करायचं म्हणता?"

काशम्मा ऋतुजाकडं बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. नुसती वाट बघणं होतं.

ऋतुजानं साहेबांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली नाही, 'जा' म्हटलं नाही आणि 'नको'ही म्हटलं नाही. पत्रावर सही त्यांचीच होणार होती.

शिलाई खात्यात मशिनांचा खडखडाट चालू होता. ऋतुजा दारात उभी राहून बोलायला लागली, पण तिचा शब्द तिलाच ऐकू येईना. बायका मान खाली घालून शिवत होत्या. तेव्हा काशम्मा भिंतीपाशी गेली आणि तिनं मेन स्विच खाली ओढला.

खातं एकदम गप्प झालं. चाळीसेक बायकांनी माना वर केल्या. त्यांत काशम्माची सूनही होती.

"मोठ्यानं बोला मॅडम," काशम्मा म्हणाली, "मागं ऐकू जात नाही."