पाडव्याला मोजलेल्या पायऱ्या

अश्विनीला पहिली मुलगी झाली ते साल २०२३. त्याच दिवाळीत टाक्याच्या वाडीत नळ आला. बारशाला घरोघरचे नळ सोडले होते आणि अश्विनीच्या आईनं पाळण्याआधी नळाला हार घातला होता. पोरगी रांगायला लागली तोवर नळ कोरडा पडला. तिच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत सुकलेला हार तसाच नळाला लटकत होता. काढायचा कुणी, आणि कशासाठी?

अश्विनीची धाकटी बहीण नूतन भोरला एका साप्ताहिकात बातम्या लिहायची. एस.टी. डेपोच्या मागं दोन खोल्यांचं कार्यालय, तिथं संपादक आनंदराव आणि ही, एवढाच कारभार. एप्रिल २०२५ मध्ये आनंदरावांनी तिच्यापुढं एक कागद सरकवला. वाडीला नवी योजना मंजूर व्हायच्या बेतात होती. विहीर तीच, ठेकेदार मात्र दुसरा.

"लिही," आनंदराव म्हणाले. "योजना का फसली, अर्धं पान. शीर्षक माझ्याकडं तयार आहे. 'फसणार हे ठरलेलंच होतं!' ठेकेदारानं खाल्लं, पाईप हलके टाकले, सगळ्यांना माहीत आहे."

"कधीपासून माहीत आहे, साहेब?"

"म्हणजे?"

"फसल्यावर माहीत झालं, की आधी?"

आनंदरावांनी चष्मा काढला. "तू मला पत्रकारिता शिकव आता."

"शिकवत नाही. पण ठेकेदारावर लिहिलं तर पाणीपुरवठा खातं ठेकेदार बदलेल आणि परत त्याच विहिरीवर पाईप टाकेल. तेच तर चाललंय. मला आठ दिवस द्या."

"आठ दिवसांत आपले दोन अंक निघतात."

"साप्ताहिक आहे, साहेब. एकच निघतो."

नूतननं कोऱ्या वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. वर तारीख लिहिली, १८ नोव्हेंबर २०२१. विहिरीचं पाणी योजनेला पुरतं का, याची चाचणी त्या दिवशी झाली होती आणि सगळं त्या चाचणीवर मंजूर झालं होतं. रेघेच्या डावीकडं त्या तारखेआधी कुणाला तरी माहीत असलेलं, कागदावर असलेलं. उजवीकडं नंतर कळलेलं. दोष द्यायचा तो डाव्या बाजूवरून. उजवी बाजू वाचून शहाणपण कुणालाही सुचतं.

वाडीत गेली तर सगळा गाव उजवीकडचाच. पारावर सरपंच कुंडलिक छाती पुढं काढून बसलेले.

"आमी तवाच सांगत हुतो, ही इहीर पुरायची न्हाई."

"कुणाला सांगत होता, तात्या?"

"समद्यास्नी."

नूतननं पिशवीतून ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल काढली. योजना याच विहिरीवर घ्यावी, असा ठराव एकमतानं झाला होता. सूचक म्हणून खाली कुंडलिक तात्यांचीच सही होती. पारावर कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं.

"सही काय, सगळीच करत्यात," तात्या म्हणाले, आणि त्यांना एकदम शेताची आठवण झाली.

पाईपचं बघायला ती भावाकडं गेली. गोरख पंप चालवायचा आणि रोजची वेळ एका डायरीत टिपायचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये टाकी तीन तासांत भरत होती. फेब्रुवारीत पंप पस्तीस मिनिटांत हवा ओढायला लागला. पाईप गळका असता तर नोव्हेंबरातही टाकी भरली नसती. शिवाय त्याच ठेकेदारानं तसलाच पाईप भाटघर धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका गावात टाकला होता. नूतन तिथं जाऊन आली. उन्हाळ्यातही नळाला पाणी होतं. ठेकेदार साधू नव्हता, चरात पाईप हातभर वरच पुरला होता. पण वाडीचा नळ त्यामुळं कोरडा पडला नव्हता.

मग माहितीच्या अधिकारात तिनं महिन्याभरापूर्वीच मागवून ठेवलेला चाचणीचा अहवाल आला. विहिरीला दिवसाला पन्नास हजार लिटर पाणी येतं, असं त्यात होतं. सहाशेवीस माणसं, माणशी पंचावन्न लिटर, म्हणजे चौतीस हजार पुरे. छानच. पण त्याच नमुन्यात एक रकाना होता, 'उन्हाळ्यातील पातळी'. त्यात आडवी रेघ ओढलेली.

ती रेघ नूतनच्या डोळ्यांपुढून हलेना. उन्हाळ्यातली पातळी कुणालाच माहीत नव्हती?

माहीत होती. ती देवळात होती.

नूतनचे आजोबा गेनबा गुरव. वाडीची जत्रा चैत्रात भरते. दरसाल पाडव्याला गेनबा विहिरीवर जायचे आणि पाण्याच्या वर उघड्या पडलेल्या पायऱ्या मोजायचे. एकूण पायऱ्या एकोणीस. दहाच्या आत उघड्या असल्या तर सगळ्या पाहुण्यांना बोलावणं. दहाच्या वर गेल्या तर फक्त माहेरवाशिणी, जावयांना निरोप नाही. अकरा झाल्या की बायका हसायच्या, "ह्या साली जावई वाचले बाई आपल्या तडाख्यातनं." हा आकडा जत्रेच्या वहीत लिहिला जायचा. त्यांच्या बापानं लिहिला, त्यांनी लिहिला.

नूतननं वही उघडली. २०१६ ला अकरा, २०१७ ला तेरा. २०१९ ला चौदा. २०२१ लाही तेरा. पाडव्यालाच एवढ्या, तर वैशाखात काय राहत असेल?

"आबा, ही वही चाचणीवाल्या सायबाला दाखवली होती का?"

गेनबा देवळाच्या ओट्यावर वात वळत होते. हात थांबला.

"न्हाई."

"का?"

"इच्यारली न्हाई त्येनं."

"आणि तुम्ही आपणहून?"

म्हाताऱ्यानं वात पुन्हा वळायला घेतली. मग म्हणाला, "नूते, तू घरची म्हणून इच्यारतीस का पेपरवाली म्हणून?"

"पेपरवाली म्हणून. तुम्ही सांगाल ते छापून येईल. आधीच सांगते."

"मंग ऐक." त्यांनी वात खाली ठेवली. "साहेब येनार म्हनून गावानं इहीर नटवली. दोन दिस कुनी घागर बुडवली न्हाई. वरच्या झऱ्याचं पानी पायपानं इहिरीत सोडलं. पाहुन्याफुडं घराची लाज जाऊ ने, तसं. म्हनलं, इहीर भरल्याली दिसली तर योजना येईल. पायप म्या सोताच्या हातानं लावला. साहेब पंपानं पानी उपसत हुता, आन् मागनं झरा भरत हुता. म्या हसत हुतो मनात."

नूतननं शब्द न् शब्द वहीत उतरवला. आजा म्हणाला म्हणून ते खरं धरायचं, असंही चालणार नव्हतं. तिनं गोरखचा जुना मोबाईल उघडायला लावला. चाचणीच्या दिवशी त्यानं साहेबांसोबत फोटो काढला होता. तारीख तीच, साहेब हसतायत, कुंडलिक तात्यांच्या गळ्यात उपरणं, आणि कोपऱ्यात, पंपाच्या पाईपापासून दूर, झऱ्याच्या बाजूच्या कठड्यावरून विहिरीत उतरलेला काळा पाईप.

छापण्याआधी सगळ्यांना विचारायचं असतं. ठेकेदारानं फोन उचलला नाही. तिनं लेखी प्रश्न पाठवले, त्यांनाही उत्तर आलं नाही. खात्याच्या कार्यालयात गेली तर साहेबांनी चहा मागवला.

"मॅडम, आता बोलणं सोपं आहे. घडून गेल्यावर सगळेच हुशार."

"बरोबर, साहेब. म्हणून घडून गेलेलं एकही आणलं नाही." नूतननं तीन कागद टेबलावर ठेवले. "वाडीला टँकर मंजूर केल्याची ही पत्रं. मे २०१९, मे २०२०, मे २०२१. तुमच्याच कार्यालयाचा शिक्का आहे. तीन उन्हाळे टँकर पाठवलेल्या विहिरीच्या अहवालात उन्हाळ्याचा रकाना रेघ मारून का सोडला?"

साहेबांचा चहा निवला. "त्या टेबलाची फाईल वेगळी, या टेबलाची वेगळी," ते म्हणाले.

"हे तुमचं म्हणणं म्हणून छापू?"

ते उठून खिडकीपाशी गेले. "छापा," म्हणाले. खरं तेच होतं, हे त्यांनाही माहीत असावं.

लेख वाचून आनंदराव म्हणाले, "चांगलंय. पण नटवलेल्या विहिरीचा परिच्छेद काढू. गाव आपला वाचक आहे. तुझं घर आहे तिथं."

"तो काढला तर लेख खोटा होतो. खात्यानं रकाना सोडला आणि गावानं आकडा लपवला, दोन्ही मिळून पन्नास हजार झाले. एक ठेवायचं, एक काढायचं, मग तुमचं शीर्षकच काय वाईट होतं?"

"आणि गेनबा तुझे आजोबा आहेत, हे लोक बोलतीलच."

"मीच लिहिलंय. पहिल्याच चौकटीत."

आनंदरावांनी कागद पुन्हा वाचला. स्वतःचं शीर्षक खोडलं. परिच्छेद राहिला.

अंक वाडीत पोचला तशी आग लागली. कुंडलिक तात्या देवळासमोर येऊन गरजले, "गुरवाच्या पोरीनं गाव बाजारात मांडला! आता मिळत हुती ती योजनाबी जाईल. गेनबा, तू सांग, पोरगी खोटं बोलली म्हनून. जत्रेत मान हवा असंल तर सांग."

माणसं जमली होती. नूतन पायरीवर उभी होती. आबांनी नाही म्हटलं तर लेख गेला, आणि त्याच विहिरीवर पुन्हा पाईप पडणार, हे तिला दिसत होतं.

गेनबा काठी टेकत उठले. "मान ठेवा तुमच्यापाशी. पायप म्या लावला. फोटूत तू हायस, कुंडलिक, त्या पायपाच्या शेजारी. नाव माझं छापलंय, तुझं न्हाई, त्याचं आभार मान. आन् आता ऐका. ह्या बारीला मोजनी वैशाखात हुईल. इहिरीवर म्या बसनार. कुनी झऱ्याचा पायप हितं आनला, तर त्यो पायप त्याच्याच गळ्यात घालीन."

कुणी हसलं नाही. कुणी पुढंही आलं नाही.

लेखातल्या रेघेबद्दल आणि टँकरच्या पत्रांबद्दल जिल्ह्याच्या कार्यालयात विचारणा झाली. मंजुरी थांबली आणि ९ मे २०२५ ला फेरचाचणी ठरली. गेनबा आदल्या सकाळपासून कठड्यावर बसून होते, मांडीवर काठी, शेजारी वही. सोळा पायऱ्या उघड्या होत्या. दिवसाचं पाणी भरलं अकरा हजार लिटर. साहेबांनी उन्हाळ्याच्या रकान्यात आकडा लिहिला, तेव्हा म्हाताऱ्यानं वाकून पाहिलं. "नीट काढा सायेब," म्हणाला, "सात वाटतोय त्यो एक."

त्या विहिरीवरची योजना रद्द झाली. नवा प्रस्ताव धरणाच्या फुगवट्यावरून पाणी उचलण्याचा आहे. तो अजून फाईलीत आहे आणि नूतन दर महिन्याला ती फाईल कुठल्या टेबलावर आहे ते छापते. कुंडलिक तात्या तिच्याशी बोलत नाहीत. अंक मात्र घेतात. यंदा, २०२६ च्या पाडव्याला, पायऱ्या तिनंच मोजल्या, बारा भरल्या, आणि वहीत तारखेसकट लिहिल्या.

गेनबा गुरव १० ऑगस्ट २०२५ रोजी, राखी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी राहत्या घरी वारले.