बाईंचा कच्चा टाका

शिवणकामाच्या त्या दुकानात दोन गोष्टी जागच्या हलत नसत. एक कापायचं मोठं टेबल आणि दुसरा बाईंचा शब्द. दुकान बाईंचं, यंत्रं बाईंची आणि बोलणंही बाईंचंच, बाकीच्यांनी ऐकायचं. बाईंची शाळा चौथीत सुटली तेव्हा गुरुजींनी हात जोडले होते. दुःखाने की सुटकेच्या आनंदाने, हे बाईंनी कधी विचारलं नाही. विचारणं हा त्यांचा प्रांतच नव्हता.

कापणारे मास्तर मात्र बोलण्याने मऊ. कापडावर खडूची रेघ ओढतानासुद्धा कापडाची परवानगी घेतल्यासारखी ओढायचे. त्या दिवशी बाईंनी एका जाड्या गिऱ्हाइकाचं माप घेतलं आणि कोटाच्या बाहीची लांबी सांगितली. मास्तर कात्री हातात धरून म्हणाले, "बाई, माप एकदा पुन्हा बघावं असं वाटतं. बाही आखूड होत असावी."

बाईंना त्यात फक्त एवढंच ऐकू आलं, की नोकर मालकिणीला चुकीची ठरवतोय.

"वाटत असेल तर उद्यापासून येऊ नका," त्या म्हणाल्या.

हे वाक्य त्या वर्षातून दोनतीनदा सगळ्यांनाच म्हणत. कारागीर मान खाली घालून यंत्र जोरात चालवत आणि विषय संपे. पण मास्तरांनी बाईंचा प्रत्येक शब्द आजवर जसाच्या तसा कापला होता. त्यांनी कात्री ठेवली, खडू डबीत घातला आणि दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत.

पहिले काही दिवस बाई म्हणत होत्या, येईल झक मारत. मग त्यांनी स्वतः कात्री धरली. जाड्या गिऱ्हाइकाचा कोट त्याच्या धाकट्या भावाला बरोबर बसला. दुसऱ्या कोटाच्या दोन बाह्या दोन वेगळ्या माणसांच्या निघाल्या. कारागीर कापडात तोंड खुपसून हसत आणि बाई त्यांच्यावर ओरडत. ओरडण्यात पूर्वीची मजा उरली नव्हती. टेबलाच्या पलीकडे "बरं बाई" म्हणणारं कोणी नव्हतं, हे त्यांना बाह्यांपेक्षा जास्त टोचत होतं. हे अर्थात त्या कोणाला सांगणार नव्हत्या.

घरी वेगळाच उद्योग. सूनबाई संध्याकाळी बाहेरच्या खोलीत परप्रांतातून आलेल्या लोकांना मराठी शिकवायची. एक नर्स होती, एक ट्रकचालक, आणि एक पावभट्टीवाला, ज्याच्या वहीवर कायम पीठ असे. बाई आतल्या खोलीतून ऐकत आणि मनात म्हणत, भाषा काय शिकायची, तोंड उघडलं की येते.

त्या संध्याकाळी सून फळ्यावर लिहीत होती. "आज घडलेल्या गोष्टी बोलायच्या नाहीत. मनात असलेल्या बोलायच्या. इच्छा: मुलीने जेवावं. अंदाज: डॉक्टर आले असावेत. आणि विनंती: आपण आत यावं."

"आले असावेत म्हणजे आले ना?" ट्रकचालकाने विचारलं.

"माहीत नाही. मला तसं वाटतंय, एवढंच. दार उघडलं तर कळेल."

नर्स म्हणाली, "मी पेशंटला म्हणते, गोळी घ्या. तो तोंड फिरवतो. तर म्हणू का, तुम्ही गोळी घ्यावं?"

"घ्यावी. इथे तुमच्याकडे नाही, गोळीकडे बघायचं. तुम्ही दूध घ्यावं, तुम्ही गोळी घ्यावी." मग सुनेने आत हाक मारली. "आई, जरा बाहेर येता का? जन्मापासूनचं मराठी ऐकवा यांना. एक इच्छा सांगा."

बाई पदर सावरून खुर्चीवर अशा बसल्या की खुर्चीही सरळ झाली. "देव करो आणि तुमच्या जिभेला हाड फुटो," त्या म्हणाल्या. "त्या आखूड बाहीला आग लागो. त्या मास्तरचा खडू हरवो."

तिघांनी भराभर लिहून घेतलं. सून हसू दाबत म्हणाली, "तीनही बरोबर. शाप असो की आशीर्वाद, मागणं असंच असतं. आता एक विनंती. समजा, समोर एक माणूस आहे आणि तो यावा असं तुम्हाला वाटतं."

सून कोणत्या माणसाबद्दल बोलत होती, हे पावभट्टीवाल्यालासुद्धा कळलं.

"ये," बाई म्हणाल्या.

"ही आज्ञा झाली."

"या."

"ही आदराने केलेली आज्ञा."

"या ना, कानात बोळे घातलेत का?"

"आई, ही तर धमकी झाली."

नर्सने सहानुभूतीने मान हलवली, आणि तेच बाईंना सगळ्यात जास्त लागलं. साठी उलटलेली बाई मातृभाषेत नापास होत होती, तीही पिठाळ वहीसमोर. त्या उठून आत गेल्या आणि भांडी घासायला घेतली, जी आधीच घासलेली होती.

सगळे गेल्यावर सून आली. बाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "त्या 'यावं' मध्ये आणि 'या' मध्ये फरक काय गं? माणूस आला म्हणजे झालं."

"'या' म्हटलं की यायचं किंवा तोडायचं. 'यावं' म्हटलं की गोष्ट अजून त्याच्या हातात राहते. तो नाही म्हणू शकतो."

बाईंनी तवा उपडा ठेवला. "म्हणजे कच्चा टाका," त्या म्हणाल्या. "अंगावर घालून बघायचं, घट्ट झालं तर उसवायचं. आणि मी आयुष्यभर पहिल्याच फटक्यात पक्की शिलाई मारतेय."

"असंच म्हणायला हरकत नाही."

"म्हणजे मास्तर बिचारा कच्चा टाका घालून विचारत होता आणि मी कात्रीनेच उत्तर दिलं." एवढं बोलून त्यांना वाटलं, आपण फारच शहाण्या झालो, म्हणून लगेच सुनेला म्हणाल्या, "उभी काय राहिलीस, दिवा मालव." मग जरा थांबून, "मालवलास तर बरं."

सकाळी त्या मास्तरांच्या घरी निघाल्या. वाटभर पुटपुटत होत्या: तुम्ही यावंत असं मला वाटतं. भाजीवाल्याने विचारलं, "बाई, काय हवं?" तर त्या म्हणाल्या, "तुम्ही यावंत." भाजीवाला दोन पावलं मागे सरला.

मास्तरांच्या बायकोने दार उघडलं. मास्तर खिडकीपाशी चष्मा पुसत बसले होते. बाईंनी घसा साफ केला आणि वर्षानुवर्षांची सवय पुढे धावली.

"उठा. दुकानात चला."

मास्तरांनी चष्मा पुसणं थांबवलं नाही. त्यांच्या बायकोच्या चेहऱ्यावर मात्र लिहिलेलं होतं, की ही बाई अशीच परत जाणार.

बाई उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या. "ते उसवते," त्या म्हणाल्या. "पुन्हा घालते. तुम्ही यावंत, असं मला वाटतं. बाही आखूडच होती. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल." आणि शेवटचं वाक्य खोटं वाटू नये म्हणून पुढे म्हणाल्या, "चालणार नाही, पण मी काही बोलणार नाही."

मास्तर प्रथमच त्यांच्याकडे बघून हसले. "नाही म्हटलं तर काय कराल?"

"मी कापत राहीन. गावात सगळ्यांचा एक हात लांब आणि एक आखूड दिसेल. तुम्हाला रस्त्याने जाताना वाईट वाटेल."

"वाटेल खरं." मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मी पुन्हा माप बघावं म्हणालो, तर?"

"तर बघू."

"बघू, की बघावं?"

"बघावं. मी बाजूला उभी राहीन."

"मग येतो. पण दुपारी. आत्ता हिला दवाखान्यात न्यायचंय."

बाईंच्या जिभेच्या टोकाशी 'आत्ताच या' तयार बसलं होतं. त्यांनी दात आवळून ते परत आत ढकललं, इतक्या जोराने की डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांच्या बायकोला वाटलं, बाई गहिवरल्या असाव्यात, आणि तिने त्यांना बसायला खुर्ची दिली. बाईंनी तिचा गैरसमज दूर केला नाही.