आराखड्यातला मे महिना

अहेरीत पाळणाघर काढायचं ठरलं तेव्हा रंभानं आराखडा अगदी चोख केला होता, बरं का! आधी सहा मुलं, महिन्याला सहाशे फी. जम बसला की दहा. मग वस्तीतल्या मंगलीला मदतीला पगारावर ठेवायचं आणि मे महिन्यात एकदम सोळा. मे महिन्यात बायका बिड्यांसाठीचा तेंदूपत्ता तोडायला पहाटेच जंगलात जातात, लेकरं ठेवायला जागा लागणारच. सगळं बरोबर होतं. फक्त मंगलीही पत्ता तोडायला जाते, एवढी साधी गोष्ट ह्या शहाणीच्या ध्यानात आली नाही.

"बाई, पत्त्यात जे भेटते ते तुमच्या इथी तीन महिन्यांत नाई भेटत," हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मंगलीनं सांगून टाकलं. खरंच होतं ते. रंभानं सारी वस्ती पालथी घातली, पण मोकळी बाई एक मिळेना. सासूबाईसुद्धा पत्त्याला निघालेल्या.

"घे ना सोळाही. कोण मोजाले येते इथी?" नवरा हेमराज म्हणाला आणि जीप घेऊन आलापल्लीच्या फेरीला गेला.

त्याचं काय जातं बोलायला! तीन वर्षांखालच्या दहा लेकरांमागे एक बाई, हा नियम रंभानं उगाच धरला नव्हता. पहिल्याच महिन्यात ती एकाचं ढुंगण धूत असताना दुसरं टपाच्या पाण्यात डोकं घालून बसलं होतं. वेळेवर दिसलं म्हणून बरं. त्या दिवसापासून घरात टप नाही, दाराला उंचावर कडी, आणि एका बाईमागे अकरावं लेकरू नाही.

सकाळी अंधारातच बायका दारात उभ्या. ज्यांचं नाव आधी नोंदलं, ती दहा रंभानं आत घेतली. उरलेल्यांची फी परत करताना तिला कुणाच्या तोंडाकडे बघवेना.

"फी घेतानी बरी गोड बोलत होती!" एकजण तोंडावर म्हणाली. रंभानं पैसे मोजून तिच्या हातावर ठेवले. भांडायची ताकदच नव्हती तिच्यात.

सगळ्यांत शेवटी मंगली आली, काखेत तिची दीड वर्षाची लेक दिव्यानी.

"इले तरी ठेवा, बाई. तिकडं वाघ फिरून राह्यला म्हणते."

"तू थांब ना मग, मंगली. तू थांबली तर साऱ्यांलेच घेतो मी."

"अन् पावसाळाभर खाऊ काय?"

आत एक रडायला लागलं, त्याचं बघून दुसरं.

"नाई जमत, मंगली," ती म्हणाली आणि तिला स्वतःचीच चीड आली.

मंगलीनं लुगड्याच्या धडप्यानं लेकीला पाठीशी बांधलं आणि बाकीच्या बायकांमागे जंगलाच्या वाटेला लागली. पाळणाघरातून रोज निघताना करायला शिकवलं होतं तसं दिव्यानी पाठीवरून हात हलवत होती. रंभानं दाराची कडी लावली, रडणारी दोन्ही मांडीवर घेतली आणि त्यांच्यासोबत तीही रडत बसली.