जूनमधलं रक्त

माझी बायको द्रौपदी १९९० च्या मार्चमध्ये गेली. तिचं रक्त मीच तपासलं होतं. लोक विचारतात तेव्हा मी एवढंच सांगतो की ताप डोक्यात गेला. सगळं सांगितलं ते फक्त एका माणसाला.

मी भिवंडीत मंडईमागच्या एका लॅबोरेटरीत टेक्निशियन होतो. एक खोली, एक फ्रीज, एक मायक्रोस्कोप आणि गरम पाण्याची टाकी. सबनीस मॅडम ठाण्याहून बुधवारी आणि शनिवारी येत, रिपोर्ट बघून सह्या करत. बाकीचे दिवस मी एकटाच.

आमच्याकडे सगळ्यात जास्त येणारी तपासणी म्हणजे विडाल. ताप चार दिवस टिकला की डॉक्टर चिठ्ठी लिहीत. रक्ताचं वरचं पिवळं पाणी, म्हणजे सिरम, घ्यायचं. ते एकेका नळीत दुप्पट दुप्पट पातळ करत जायचं, वीसपट, चाळीसपट, ऐंशीपट, पुढे सहाशे चाळीसपर्यंत. प्रत्येक नळीत टायफॉइडच्या मेलेल्या जंतूंचं औषध घालायचं आणि नळ्या रात्रभर टाकीत ठेवायच्या. रक्तात टायफॉइडशी लढणारं काही असेल तर जंतूंच्या गुठळ्या होतात. गुठळी दिसलेली शेवटची नळी कितीपट, तो आकडा लिहायचा. ओ आणि एच असे दोन आकडे असतात. ओच्या गुठळ्या बारीक खडूसारख्या, एचच्या कापसाच्या पिंज्यासारख्या.

औषधाची नवी बाटली आली की ती चांगली आहे का हे बघावं लागतं. त्यासाठी ज्यात गुठळ्या नक्की होतात असं एखादं सिरम हाताशी लागतं. आम्ही ते घरचंच वापरत असू. एकदा सहज द्रौपदीचं रक्त लावलं तर ओ ऐंशी आणि एच एकशेसाठ आलं. तेव्हा ती ठणठणीत होती, यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जात होती. माहेरी राहनाळला असताना चौदाव्या वर्षी तिला टायफॉइड झाला होता, आणि भिवंडीचं पाणी पिणाऱ्या कितीतरी लोकांच्या रक्तात थोडंफार निघतंच. मला बरंच झालं. वर्षातून एकदा तिचं रक्त काढायचं, सिरम लहान लहान बाटल्यांत भरायचं आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवायचं.

"माझ्या रक्तावर तुमचं दुकान चालतंय," ती म्हणायची. "मालकाला सांगा, एक साडी लागते माझी."

"मालक म्हणेल, बाईचं रक्त नको, डासाचं आण."

"मग डासालाच करा बायको."

फेब्रुवारीत तिला ताप आला. संध्याकाळी चढायचा, सकाळी उतरायचा. डोकं दुखायचं. आठव्या दिवशी आमचे नेहमीचे मोमीन डॉक्टर म्हणाले, "हिरामण, विडाल कर लो. घर की बात है."

मी घरीच रक्त काढलं आणि नळ्या लावल्या. दुसऱ्या सकाळी ओ एकशेसाठ, एच तीनशेवीस. मला आठवतंय, मी नळ्या उजेडाला धरल्या आणि मला हायसं वाटलं. आजाराला नाव मिळालं. त्याच फ्रीजमध्ये हातभर अंतरावर तिच्या नावाच्या बाटल्या होत्या आणि मला त्या आठवल्या नाहीत. आठवल्या असतील तर ते माझ्यापर्यंत पोचलं नाही. बाटलीतली द्रौपदी म्हणजे लॅबचं सामान आणि घरातली द्रौपदी म्हणजे पेशंट, अशी काहीतरी वाटणी माझ्या डोक्यात झाली असावी.

डॉक्टरांनी क्लोरोमायसेटिनच्या कॅप्सूल चालू केल्या. कडक पथ्य सांगितलं. टायफॉइडात आतडं नाजूक होतं, फाटू शकतं, घट्ट काही द्यायचं नाही, साबुदाण्याची पेज आणि मोसंबीचा रस, बस. माझी सासू गुणाबाई राहनाळहून टेमघरला आमच्याकडे राहायला आली. ती माझी सख्खी मामीच, मी तिला मामीच म्हणतो.

शनिवारी मॅडमनी रिपोर्ट पाहिला. "ही तुमची मिसेस ना? आठवडाभरानं पुन्हा रक्त घ्या आणि आत्ताच्या सिरमबरोबर एकाच वेळी लावा. चौपट चढलं तर टायफॉइड म्हणता येईल. एकट्या आकड्यावर काही सांगता येत नाही. एका नळीचा फरक तर तुमच्यामाझ्या डोळ्यांचाही असू शकतो."

"हो मॅडम," मी म्हणालो.

"आणि कल्चर पाठवलं होतंत का?"

"कॅप्सूल चालू झाल्या मॅडम."

कल्चरमध्ये रक्तातले जंतू वाढवून बघतात, आणि औषध पोटात गेल्यावर ते सहसा वाढत नाहीत. दोनदा रक्त घ्यायचं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. परीक्षेला मी हेच लिहून पास झालो होतो. पण तसं दुसरं रक्त कुणी देत नसे. पेशंट पहिला रिपोर्ट घेऊन जायचा तो जायचाच. आठवडा झाला तेव्हा मी सुई घेऊन तिच्याजवळ गेलो होतो. ती म्हणाली, "आता नको हो, हात दुखतो." मी सुई ठेवून दिली. औषध तर चालूच आहे, असं म्हणालो.

ताप उतरला नाही. डॉक्टर म्हणाले, "आजकल ये दवा लगती नहीं सबको," आणि ते खरंही होतं. त्या साली बऱ्याच जणांना ती लागू पडत नव्हती. त्यांनी नवी महाग गोळी दिली. द्रौपदी वाळत चालली. उलट्या व्हायला लागल्या. मामी म्हणायची, "पोटात काय न्हाय तर दुसरं काय व्हनार?" मी म्हणायचो, "मामी, टायफॉइड आहे, पथ्य मोडायचं नाही." मी लॅबमधला माणूस, घरात माझं ऐकलं जायचं.

एकविसाव्या दिवशी लॅबमध्ये विडालच्या औषधाची नवी बाटली आली. नेहमीप्रमाणे मी बर्फाचा कप्पा उघडला. बाटलीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, द्रौपदी, जून.

मी बाटली बाहेर काढून टेबलावर ठेवली.

जूनमध्ये तिला ताप नव्हता. आम्ही त्याच महिन्यात तिच्या चुलतभावाच्या लग्नाला गेलो होतो आणि ती हळदीत नाचली होती. तरी तिच्या रक्तात गुठळ्या होत होत्या. मग या गुठळ्या तापाच्या कशावरून?

मी घरी गेलो. या वेळी रक्त काढताना ती काही बोलली नाही. सुई टोचली तरी हात ओढला नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं तेव्हा एक डोळा माझ्यावर होता आणि दुसरा जरा बाजूला.

"बाळंतिनीसारखी नुसती झोपतेय सकाळधरनं," मामी म्हणाली.

तेव्हाच तिला उचलून न्यायला हवं होतं. मी लॅबमध्ये परत गेलो. जूनचं सिरम, आठव्या दिवसाचं उरलेलं आणि आजचं, अशा तीन रांगा लावल्या आणि टाकीत ठेवल्या. मला खात्री करून घ्यायची होती. ज्या नळ्यांनी फसवलं त्यांनाच पुन्हा विचारायला गेलो, आणि आणखी एक रात्र घालवली.

सकाळी तिन्ही रांगा एकसारख्या होत्या. ओ ऐंशी, एच एकशेसाठ. जूनचं, तापातलं, आजचं, कशातच फरक नाही. पहिल्या वेळी एक नळी जास्त आली होती एवढंच. कॅप्सूलमुळे कधी कधी आकड्याचा चढ दबतो असं म्हणतात, पण हे तर चांगल्या दिवसांतलंच रक्त होतं. तिच्या तापाबद्दल या नळ्यांनी मला काही सांगितलंच नव्हतं.

मोमीन डॉक्टरांनी तिचा डोळा पाहिला, मान उचलून पाहिली. मान ताठ होती. "आज ही बंबई ले जाओ," ते म्हणाले. "हिरामण, मुझे भी देखना चाहिए था." टॅक्सी कशेळीच्या पुलाच्या आधी ट्रकांमध्ये पाऊण तास अडकली. मी तिचं डोकं मांडीवर धरून बसलो होतो. मामी तिच्या पायाला हात लावून होती.

मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पाठीतून पाणी काढलं. तिथल्या टेक्निशियनला मी म्हणालो की मीही लॅबचाच आहे, तेव्हा त्यानं मला नळी दाखवली. थोडा वेळ ठेवलेल्या पाण्यात कोळ्याच्या जाळ्यासारखा पातळ पापुद्रा धरला होता. पुढे काही सांगायची गरज नव्हती. मेंदूच्या आवरणाचा टीबी. इंजेक्शनं, गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, "दोन आठवडे आधी आला असतात तर बरं झालं असतं." ते रागावून म्हणाले नाहीत.

नवव्या दिवशी ती गेली. शेवटचे चार दिवस तिनं मला ओळखलं नाही.

जलदानविधी झाला, माणसं पांगली. मी ओट्यावर बसलो होतो. मामी आतून आली, खांबाला टेकून बसली. ती दहा दिवस नुसत्या चहावर होती, सगळे सांगून थकले होते.

"हिरामन, तुला एक सांगायचाय," ती म्हणाली. "तू मला घराबाहेर काढलीस तरी चालंल."

"काय मामी?"

"तू ड्युटीला गेलेलास. ती रडाया लागली, आये, भाकर दे, सुकटीची चटनी दे. मी तिला तुकडा दिला. चतकोर. डागदरनं न्हाय म्हनलेला, तू न्हाय म्हनलेला, तरी दिला." ती पदरानं तोंड पुसत राहिली. "त्यानंच आतडा फाटला आसंल. माझ्या हातानं मारली मी पोरीला."

मी गप्प राहिलो असतो तर तिनं ते मरेपर्यंत धरून ठेवलं असतं. आणि माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नसतं. हे दोन्ही विचार माझ्या मनात आले, आणि दुसरा आधी आला.

"मामी, तिला टायफॉइड नव्हताच."

"म्हंजे?"

मी सांगितलं. जूनच्या बाटलीचं सांगितलं, मॅडम म्हणाल्या होत्या ते सांगितलं, सुई ठेवून दिली ते आणि शेवटची रात्र घालवली तेही. टीबीचं दुखणं डोक्यात होतं, पोटात काही नव्हतं. भाकरीनं काही झालं नाही. ती नीट ऐकत होती. मधे तिनं एकच विचारलं, "चांगली आसताना पन तसाच यायचा रगतात?"

"हो. तसंच."

"आनि तुला म्हाईत व्हता."

"हो."

तिनं अंगणाकडे तोंड वळवलं. मला वाटलं मारेल, किंवा उठून जाईल. ती म्हणाली, "मंग भाकर तिला चालली आसती."

"चालली असती."

"चौदा दिस पेजंवर ठेवली."

"हो मामी."

"रोज मागायची ती," मामी म्हणाली. "मी एकदाच दिली."