उष्टी हळद

फोन वाजला की आबांचा हात आधी कपाळावर जायचा, मग रिसीव्हरकडे.

पिंपळगावहून माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या, हर्षलच्या, बायडाआत्या सांगायच्या, "हळद एकत्रच करा, लॉनवर." इकडे माझी अक्काआत्या हटून बसलेली: नवरदेवाची उष्टी हळद दारात आल्याशिवाय नवरीला हळद लावायची नाही. आबा दोघींनाही 'हो' म्हणायचे आणि ताटावरून उठायचे. डॉक्टरांनी त्यांची रक्तदाबाची गोळी वाढवली होती. काल गुलाबाच्या जुड्या बांधताना ते आईला म्हणाले, "आता आणखी एक फोन आला, तर मी हे लग्न मोडतो." चेष्टेत नाही म्हणाले.

मी हर्षलला विचारलं होतं. "आत्या कारणच सांगत नाही," तो म्हणाला. एवढा हट्ट, आणि कारण नाही? मला ते पटेना.

सकाळी फोन वाजला. आबा उठायच्या आत मी उचलला.

"कोण, प्रतिभा? आबांना दे."

"आबा मळ्यात आहेत," मी आबांकडे बघत खोटं बोलले. "आत्याबाई, मला सांगा. हळद आमच्याकडे आली तर अडचण काय?"

"अडचण कसली? तेवढीच धावपळ वाचंल."

"टेम्पो आम्ही पाठवतो."

"टेम्पोचं नाय गं."

"मग हळद घेऊन येणार कोण?"

 पलीकडचा आवाज खाली आला. "घरातल्या समद्या पोरांच्या हळदी मीच नेल्या. औंदा हर्षलचे मामा गेले. आता सवाष्णीच नेतील. मी मागं घरात बसणार. लॉनवर लय माणसं असतात, तिथं कोपऱ्यात उभं तरी ऱ्हाता येतं."

"मामा म्हणजे तुमचे..."

"माझे मालक."

अक्काआत्या लसूण सोलायची थांबली होती. मी रिसीव्हर तिच्या बाजूला वळवला नाही, तरी शेजारीच बसल्यानं तिला पलीकडचं सगळं ऐकू गेलं होतं.

"उष्टी हळद दारात येईल," मी म्हणाले. "पण तुम्ही आणाल तरच मी लावून घेईन."

"वेडी का काय तू!" हे दोन्हीकडून एकदमच आलं.

"सांगून ठेवते, दादा," अक्काआत्या आबांकडे वळली. "विधवेच्या हातची हळद? लोक काय म्हणतील?"

आबांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. या वेळी हात कपाळावर गेला नाही.

"बाई, मी सावळीराम. हळद तुम्हीच आणायची. टेम्पो सकाळीच पाठवतो, पुढं बसा, मागं फुलांचे क्रेट असतात." मग रिसीव्हर ठेवून अक्काआत्याकडे बघत म्हणाले, "अक्का, दारात त्यांचे पाय तू धुवायचे. मुलीची आत्या तूच ना?"

अक्काआत्या लसणाच्या साली झटकत उठली. "म्हणजे पाय धुवायला मी, आणि मान त्यांना!"

"दोघींनाही," आबा म्हणाले आणि आईला हाक मारली, "नवसा, भाकरी वाढ. भूक लागली."

आईनं तवा ठेवला. फोन पुन्हा वाजला. आबा ताटावर बसले होते, ते उठले नाहीत; फोन मी उचलला.